गोडाऊनचं सिंक शनिवार-रविवार अडकलं: सोमवारी काय तपासायचं आणि मॅनेजमेंटला काय लिहून द्यायचं

ऑफिस वागळे इस्टेटला, मोठं गोडाऊन भिवंडीजवळ माणकोलीला, छोटं तुर्भ्याला. इलेक्ट्रिकल माल, औषधं, रंग, काहीही असो, ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच वितरकांची मांडणी अशीच असते. गोडाऊनमध्ये विंडोजचा एक पीसी असतो आणि त्यावर छोटा डेटाबेस. टास्क शेड्युलरमध्ये लावलेली पायथनची स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी नवी चलानं हेड ऑफिसच्या सर्व्हरला पाठवते. आठवडाभर याकडे कुणी बघत नाही, बघायची गरजही पडत नाही. मग एखाद्या सोमवारी साडेनऊच्या सुमारास ऑर्डर डेस्कवरून फोन येतो, "अहो, सिस्टिममध्ये स्टॉक दिसतोय, पण गोडाऊनवाले म्हणतात हा माल शनिवारीच गेला."

हा बिघाड मी वेगवेगळ्या ठिकाणी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता फोनवरच ओळखू येतो. दुरुस्ती अर्ध्या तासाची असते. नंतर मॅनेजमेंट अहवाल मागतं आणि तिथे गाडी अडते, कारण दुरुस्तीच्या घाईत अहवालाला लागणारे पुरावे आपणच पुसून टाकलेले असतात. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीबरोबर अहवालासाठी काय टिपून ठेवायचं तेही लिहिलंय.

लक्षणं

हेड ऑफिसमध्ये एका गोडाऊनची चलानं ठरावीक वेळेपर्यंत, बहुधा शुक्रवारी रात्रीपर्यंत, नीट आलेली असतात. त्यानंतर एकही नाही. दुसऱ्या गोडाऊनची मात्र आत्तापर्यंतची सगळी दिसतात. कुठेही लाल अक्षरात एरर नसते. गोडाऊनच्या पीसीवर टास्क शेड्युलर उघडला तर टास्कसमोर `Running` लिहिलेलं असतं आणि ते बघून माणूस निर्धास्त होतो. या बिघाडाची खरी खूण तीच आहे. दर १५ मिनिटांनी धावून दहा सेकंदांत संपणारं टास्क तुम्ही बघाल तेव्हा `Ready` दिसायला हवं.

आणखी एक चकवा आहे. सोमवारी कुणाच्या लक्षात आलं नाही तर मंगळवारी सकाळी सगळं आपोआप सुरळीत झालेलं असतं. "नेटचा काहीतरी प्रॉब्लेम होता" म्हणून विषय मिटतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हे आपोआप का सुटतं ते पुढे येईल.

आधी फुकटातलं: कुठे थांबलंय?

जागेवरून उठण्याआधी हेड ऑफिसच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक गोडाऊनचं शेवटचं चलान किती वाजता पोचलं ते बघा. एकच गोडाऊन मागे असेल तर सर्व्हर, त्याची डिस्क, त्याचं सर्टिफिकेट यांच्यावरचा संशय तिथेच सुटतो, कारण ते बिघडले असते तर तुर्भेही थांबलं असतं. दोन्ही गोडाऊनं एकाच वेळी थांबली असतील तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. सर्व्हरकडे वळा.

इथे साडेपाच तासांचा घोळ सांभाळा. सर्व्हरवर `received_at` बहुतेकदा यूटीसीमध्ये साठवलेलं असतं, गोडाऊनमध्ये चलानाची वेळ भारतीय असते. स्क्रीनवर १७:३० दिसलं तर ते आपल्याकडचे रात्रीचे अकरा असतात. हे लक्षात न घेतल्यामुळे "सिंक संध्याकाळी साडेपाचला बंद पडलं" असं लिहिलेला अहवाल मी वाचलाय. त्या रात्रीच्या गाड्यांची चलानं सर्व्हरवर व्यवस्थित होती, त्यामुळे संचालकांनी पहिल्याच ओळीला शंका काढली आणि पुढचं कुणी वाचलंच नाही.

अहवालासाठी टिपा: शेवटचं पोचलेलं चलान, त्याची भारतीय वेळ, आणि दुसरं गोडाऊन चालू होतं ही गोष्ट.

पीसी, नेट आणि घड्याळ

गोडाऊनमधल्या माणसाला फोन करून पीसी चालू आहे का, ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडते का आणि खाली कोपऱ्यात तारीख-वेळ बरोबर आहे का, एवढं विचारा. तारखेचं विचारायचं कारण असं, की वीज जाऊन पीसी बंद पडला आणि मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली की घड्याळ मागे जातं. मग सर्व्हरचं सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" असं ठरून जोडणीच होत नाही. बॅटरी किरकोळ किमतीत मिळते, ती बदला आणि वेळ लावा. पण तसं असेल तर स्क्रिप्टच्या लॉगमध्ये दर १५ मिनिटांनी सर्टिफिकेटची एरर ओळीने दिसेल. आपला बिघाड गप्प असतो.

नेट आत्ता चालू आहे याचा अर्थ शुक्रवारी रात्री चालू होतं असा नाही. राउटरच्या लॉगमध्ये फायबर कधी तुटलं आणि सिमवरच्या बॅकअप लाइनवर कधी गेलं, ते सापडतं. त्याचा फोटो काढून ठेवा. स्वस्तातले राउटर रीस्टार्ट केले की लॉग पुसतात, म्हणून "राउटर बंद करून चालू करा" हा नेहमीचा उपाय इथे मुद्दाम टाळा.

टास्क शेड्युलर काय सांगतो

गोडाऊनच्या पीसीवर रिमोटने जाऊन हे चालवा:

```
schtasks /query /tn "GodownSync" /v /fo list
```

यातल्या `Last Run Time` आणि `Last Result` या दोन ओळी महत्त्वाच्या. निकाल शून्य असेल तर स्क्रिप्ट संपली आहे आणि दोष दुसरीकडे आहे. `0x8007052E` म्हणजे ज्या युजरच्या नावाने टास्क चालतं त्याचा पासवर्ड बदललाय. टास्कमध्ये नवा पासवर्ड भरला की काम झालं. `0x1` म्हणजे स्क्रिप्ट स्वतःच पडली, तिचा लॉग वाचा. आणि `0x41301` म्हणजे टास्क अजून चालू आहे. या कमांडच्या यादीत निकाल दशांशात येतो, तेव्हा हाच आकडा `267009` असा दिसेल.

`0x41301` दिसलं आणि `Last Run Time` शुक्रवारची असेल, तर बिघाड सापडला. खात्रीसाठी पॉवरशेलमध्ये:

```
Get-Process python | Select-Object Id, StartTime
```

प्रोसेस शुक्रवारी रात्री अकराला सुरू झालेली आणि आजही जिवंत. दहा सेकंदांच्या कामाला अडीच दिवस.

झालं काय ते नीट समजून घ्या, कारण अहवालातलं "कारण" हेच आहे. स्क्रिप्टने चलानांची बॅच सर्व्हरकडे पाठवली. सर्व्हरने ती घेतली, साठवली आणि उत्तर पाठवलं. तेवढ्यात फायबर तुटलं आणि राउटर बॅकअप लाइनवर गेला. उत्तर वाटेतच हरवलं. गोडाऊनच्या पीसीच्या बाजूने जोडणी तुटल्याचा कोणताही निरोप आला नाही, म्हणून तो उत्तराची वाट बघत बसला. पायथनच्या `requests` लायब्ररीत तुम्ही टाइमआउट दिला नाही तर तो नसतोच, ती कितीही वेळ थांबते.

दर १५ मिनिटांनी शेड्युलर टास्क सुरू करायला जातो, पण त्याच्या सेटिंगमध्ये मुळातच `Do not start a new instance` निवडलेलं असतं. जुनं चालू आहे म्हटल्यावर तो नवं सुरू करत नाही. हे सेटिंग बरोबरच आहे, दोन स्क्रिप्टा एकाच वेळी धावल्या तर वेगळाच गोंधळ होईल. पण त्यामुळे एक अडकलेली प्रोसेस मागच्या सगळ्यांना रोखून धरते. आणि `Stop the task if it runs longer than` समोर मुळात तीन दिवस असतात. शुक्रवारी रात्री अकराला अडकलेलं टास्क सोमवारी रात्री अकराला शेड्युलर स्वतः मारतो, सव्वाअकराला नवं धावतं, आणि मंगळवारी सकाळी सगळं ठीक दिसतं.

टास्कची हिस्टरी चालू असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `TaskScheduler` च्या `Operational` लॉगमध्ये ३२२ क्रमांकाच्या नोंदी ओळीने दिसतील. "आधीचं चालू आहे म्हणून सुरू केलं नाही" असं प्रत्येक नोंद सांगते. हिस्टरी बहुतेक पीसींवर बंदच असते. आज ती चालू करून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

मारण्याआधी कॉपी

आता हात शिवशिवतात, पण `End` दाबण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा: स्क्रिप्टचा लॉग, वरच्या दोन कमांडचं आउटपुट, आणि "शेवटचं कुठपर्यंत पाठवलं" ते ज्यात लिहिलेलं असतं ती फाइल. तिला आम्ही वॉटरमार्क म्हणतो. स्क्रिप्ट नीट धावली की वॉटरमार्क पुढे सरकतो आणि जुना आकडा कायमचा जातो. नेमक्या कोणत्या बॅचला अडकलं, हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो.

वॉटरमार्क उघडून बघायला हरकत नाही, हाताने बदलू नका. तो शेवटच्या पोचलेल्या चलानाच्या मागे असेल तर चांगलं. स्क्रिप्ट काही चलानं पुन्हा पाठवेल, पण कुठलंही सुटणार नाही. पुढे असेल, म्हणजे जी चलानं पोचलीच नाहीत त्यांच्याही पलीकडचा आकडा असेल, तर इथेच थांबा आणि स्क्रिप्ट ज्याने लिहिली त्याला बोलवा. काही स्क्रिप्टा पाठवण्याआधीच वॉटरमार्क लिहितात. तिथे टास्क पुन्हा चालवलं की सगळं हिरवं दिसतं आणि मधली बॅच कायमची गायब होते.

सगळं कॉपी झालं की:

```
schtasks /end /tn "GodownSync"
```

टास्क मॅनेजरमध्ये जुनं `python` खरंच गेलं का ते बघा. बॅच फाइलमधून चालवलेल्या स्क्रिप्टा कधी कधी मागे राहतात, त्या तिथूनच बंद करा. मग टास्क एकदा हाताने `Run` करा.

मोजणी: इथे घाई नको

डेटा यायला लागला की फोन थांबतात आणि लोकांना वाटतं संपलं. पण अहवालातला "बाधित नोंदी" हा भाग इथे सुरू होतो आणि सर्वांत जास्त चुका त्यातच होतात. एका प्रकरणाचे आकडे घेऊन सांगतो.

माणकोलीचं गोडाऊन, इलेक्ट्रिकल माल. ठाण्यात जड वाहनांना बंदीच्या वेळा असल्यामुळे गाड्या रात्री निघतात, आणि भरून झाल्या की चलानं एका दमात फायनल होतात. त्या शुक्रवारी रात्री अकराच्या फेरीत ४० चलानांची बॅच गेली आणि तिथेच अडकली. शनिवारी २१२, रविवारी ३८ आणि सोमवारी सकाळी ९ चलानं झाली, ती गोडाऊनमध्येच पडून राहिली. सोमवारी ९:५० ला टास्क मारलं, १०:०५ पर्यंत सगळं पोचलं.

पहिली मोजणी दोन्ही बाजूंनी, चलानाच्या तारखेने:

```sql
SELECT CAST(challan_at AS date) AS d,
       COUNT(DISTINCT challan_no) AS n
FROM challan
WHERE godown = 'MNK' AND challan_at >= @from
GROUP BY CAST(challan_at AS date);
```

गोडाऊन आणि हेड ऑफिस, दोन्हीकडे शुक्रवार ते सोमवार प्रत्येक दिवसाचा आकडा जुळला. म्हणजे हरवलेली चलानं शून्य, उशिरा पोचलेली २५९. मोजणी पोचल्याच्या वेळेने करू नका, नाहीतर २५९ ची २५९ सोमवारच्या खात्यात दिसतील आणि शनिवार-रविवार कोरा.

बरेच जण इथे थांबतात. पण त्या ४० चलानांचं काय? ती सर्व्हरवर शुक्रवारीच साठली होती. उत्तर न मिळाल्यामुळे वॉटरमार्क सरकला नव्हता, म्हणून सोमवारी ती पुन्हा गेली. चलानांच्या टेबलवर गोडाऊन आणि चलान क्रमांक मिळून युनिक की होती, त्यामुळे तिथे दुसऱ्यांदा काही साठलं नाही आणि मोजणीतही काही दिसलं नाही. स्टॉक लेजरवर मात्र अशी की नव्हती:

```sql
SELECT challan_no, line_no, COUNT(*) AS n
FROM stock_ledger
WHERE godown = 'MNK' AND challan_at >= @from
GROUP BY challan_no, line_no
HAVING COUNT(*) > 1;
```

१२६ ओळी आल्या, त्याच ४० चलानांच्या. म्हणजे तेवढ्या ओळींचा माल स्टॉकमधून दोनदा वजा झाला होता.

गंमत अशी, की दोन चुका एकमेकींच्या उलट्या आहेत. शनिवार ते सोमवार सकाळी दहापर्यंत गेलेला माल सिस्टिमला माहीत नव्हता, म्हणून स्टॉक खऱ्यापेक्षा जास्त दिसत होता. दहानंतर दुहेरी वजावटीमुळे तो कमी दिसायला लागला. पहिल्या चुकीमुळे ७ ऑर्डरी नसलेल्या मालावर स्वीकारल्या गेल्या. त्यातल्या ५ तुर्भ्याहून भागवल्या आणि २ ग्राहकांना फोन करून तारीख पुढे न्यावी लागली. दुसऱ्या चुकीमुळे दुरुस्ती होईपर्यंतच्या वेळात ३ ऑर्डरी "स्टॉक नाही" म्हणून परत गेल्या, माल गोडाऊनमध्ये असूनही. या तीन शोधायला ऑर्डर डेस्कला मुद्दाम विचारावं लागतं, कारण नाकारलेल्या ऑर्डरीची नोंद सहसा कुठे राहत नाही.

इनव्हॉइस दुप्पट झाले का, तेही लगेच तपासा. अकाउंट्सचा पहिला प्रश्न तोच असतो. इथे इनव्हॉइस चलानांच्या टेबलवरून बनत होते, म्हणून एकही दुप्पट नव्हता. तुमच्याकडे ते लेजरवरून बनत असतील तर उत्तर वेगळं येईल.

दुरुस्ती, आणि आपण कुठे थांबायचं

१२६ ओळी डिलीट करायचा मोह होतो. करू नका. दहानंतर त्या ओळींवर ऑर्डरी नाकारल्या गेल्या, सकाळचा स्टॉक रिपोर्ट कुणीतरी प्रिंट केला. मूळ नोंदच गायब केली तर ते सगळं निराधार होतं. उलट नोंदी करायच्या, प्रत्येकीवर घटनेचा एकच संदर्भ क्रमांक आणि अकाउंट्स मॅनेजरची मंजुरी. या प्रकरणात त्या १२:३० ला पडल्या आणि मग मोजणी पुन्हा केली. मोजणी आयटमनुसार करायची. एकूण बेरीज जुळते आणि दोन आयटम चुकलेले असतात, असं होतं.

पुढचं काही दिसलं तर स्वतः प्रयत्न बंद करा.

एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये ८२३ किंवा ८२४ क्रमांकाची एरर असेल, तर डेटाबेसच्या फायलीच नीट वाचल्या जात नाहीयेत. सिंक थांबवा, पीसी रीस्टार्ट करू नका, डीबीएला बोलवा. वीज अचानक गेल्यानंतर हे होऊ शकतं, आणि त्यावर "रिपेअर" चालवून डेटा घालवलेले लोक मला माहीत आहेत.

११०५ किंवा १८२७ एरर असेल तर जागा संपलीय. गोडाऊनमध्ये बहुधा एक्स्प्रेस आवृत्ती असते, आणि २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डिस्कवर जागा मोकळी असूनही ही एरर येते. जुना डेटा कुठला काढायचा हा निर्णय आयटीने एकट्याने घ्यायचा नाही.

टास्क दोनदा नीट धावल्यावरही दिवसांचे आकडे जुळत नसतील तर तिसऱ्यांदा चालवू नका. दोष स्क्रिप्टमध्ये किंवा सर्व्हरच्या कोडमध्ये आहे आणि प्रत्येक फेरी त्यात भर घालतेय.

आणि बाधित चलानांची इनव्हॉइस महिनाअखेरीला ओलांडून गेली असतील तर जीएसटीआर-१ भरण्याआधी सीएला कळवा. भरून झालं असेल तर आणखी लवकर कळवा.

अहवाल

एक पान. मालक किंवा संचालक दुसरं पान उलटत नाहीत, आणि उलटावं लागू नये. सुरुवातीला वेळा: शुक्रवारी २३:०० ला अडकलं, सोमवारी ९:४० ला ऑर्डर डेस्कमुळे कळलं, ९:५० ला टास्क थांबवलं, १०:०५ ला डेटा पोचला, १२:३० ला लेजर दुरुस्त. "कळलं" ही वेळ मुद्दाम वेगळी लिहा. बिघाडापासून कळेपर्यंत ५८ तास ४० मिनिटं गेली आणि कळल्यापासून डेटा पोचायला २५ मिनिटं. पैसे कुठे खर्च करायचे ते या दोन आकड्यांतच दिसतं.

कारणाच्या जागी "इंटरनेट बंद पडलं" असं लिहू नका. ते निमित्त आहे. नेट पुढेही तुटणार आहे आणि ते आपल्या हातात नाही. तसं लिहिलं की मॅनेजमेंट तिसरी लाइन घ्यायला निघतं, आणि तिसऱ्या लाइनवर जातानाही हीच स्क्रिप्ट अशीच अडकेल. मी त्या अहवालात लिहिलं ते असं:

"लाइन बदलताना सर्व्हरचं उत्तर हरवलं. उत्तरासाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा प्रोग्रॅममध्ये नव्हती, त्यामुळे तो थांबून राहिला. अडकलेला प्रोग्रॅम बंद करण्याची मुदत विंडोजमध्ये तीन दिवस होती, त्यामुळे पुढच्या २३५ फेऱ्या झाल्या नाहीत. डेटा येत नसल्याची सूचना देणारी व्यवस्था नव्हती, त्यामुळे सोमवारपर्यंत कुणाला कळलं नाही."

२३५ हा आकडा शुक्रवारी २३:१५ ते सोमवारी ९:४५ पर्यंतच्या १५ मिनिटांच्या फेऱ्यांचा आहे. हिस्टरी चालू होती, म्हणून ३२२ च्या नोंदींशी ताडूनही बघता आला.

लोक विचारतात, हे शनिवार-रविवारीच का होतं? तसं ते बुधवारीही होतं. बुधवारी ऑर्डर डेस्क अर्ध्या तासात ओरडतं, कुणीतरी टास्क बंद करून चालू करतं आणि विसरतं. जुने लॉग चाळले तर मधल्या वारांचे असे छोटे खंड सापडतात. सापडले तर अहवालात लिहा, कारण त्यामुळे हा अपघात नसून नेहमीचा बिघाड आहे हे सिद्ध होतं आणि दुरुस्तीला वेळ मंजूर होतो.

बाधित नोंदी तीन ओळींत: हरवल्या ०, उशिरा २५९ चलानं, दुप्पट वजा १२६ ओळी. त्याखाली ऑर्डरींवरचा परिणाम, ७ आणि ३. "सुमारे तीनशे नोंदी बाधित" असं एकत्र लिहिलं तर प्रत्येक विभाग आपापला अर्थ काढतो आणि विक्रीवाले धरून चालतात की तीनशे ऑर्डरी गेल्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

स्क्रिप्टमध्ये दोन ओळींचा बदल, त्याच दिवशी:

```python
r = requests.post(url, json=batch, timeout=(10, 60))
r.raise_for_status()
```

जोडणीला १० सेकंद, उत्तराला ६०. हे ६० एकूण वेळेचे नसतात. सर्व्हरकडून काहीच येत नाही अशी सलग ६० सेकंदं गेली तर स्क्रिप्ट सोडून देते. दुसरी ओळ नसेल तर सर्व्हरने ५०० एरर दिली तरी स्क्रिप्ट पुढे जाईल आणि वॉटरमार्क सरकवेल. टास्कची तीन दिवसांची मुदत ३० मिनिटांवर आणा आणि त्याखालची `force it to stop` ची खूण केलेली ठेवा. टाइमआउट असताना हे कशाला? स्क्रिप्ट डेटाबेसच्या लॉकवरही अडकू शकते, तिथे `requests` चा टाइमआउट कामाला येत नाही.

दुसरा बदल सर्व्हरकडे, आणि तो डेव्हलपरचा आहे. टाइमआउट लावला की बॅच पुन्हा जाण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून लेजरला युनिक की हवीच. पण ती सरळ लावता येत नाही: उलट नोंदी केल्या तरी जुन्या दुप्पट ओळी टेबलमध्ये आहेतच, त्यामुळे इंडेक्स बनताना अडतो. ठरावीक नोंद क्रमांकाच्या पुढच्याच ओळींना लागू होणारा फिल्टर्ड युनिक इंडेक्स करावा लागतो, आणि उलट नोंदींना जागा राहावी म्हणून कीमध्ये नोंदीचा प्रकारही घ्यावा लागतो. शिवाय "हे चलान आधीच आहे" या परिस्थितीला सर्व्हरने एरर न देता "मिळालं" असं उत्तर द्यायला हवं. नुसता इंडेक्स लावला आणि हे केलं नाही, तर एक दुप्पट बॅच दर १५ मिनिटांनी नाकारली जाईल आणि सिंक पुन्हा थांबेल, या वेळी नव्या कारणाने.

तिसरी गोष्ट सूचनेची. सूचना गोडाऊनच्या पीसीने पाठवायची नाही, जो अडकलाय तो स्वतः कसा सांगणार? प्रत्येक फेरीत चलान असो वा नसो, स्क्रिप्टने हेड ऑफिसला एक हजेरीची ओळ पाठवावी. हेड ऑफिसच्या सर्व्हरने बघावं, आणि ४५ मिनिटं, म्हणजे तीन फेऱ्या, हजेरी आली नाही तर एसएमएस जावा. रिकाम्या हजेरीशिवाय हे जमत नाही, कारण रविवारी दुपारी खरोखरच चलानं नसतात आणि खोट्या सूचनांना कंटाळून लोक फोन सायलेंटवर टाकतात.

एसएमएस कुणाला जाणार, हे अहवालात लिहा. "आयटी टीम" असं लिहू नका. या शनिवार-रविवारी कोण, पुढच्या वेळी कोण, नाव आणि नंबर, आणि त्याने अर्ध्या तासात बघितलं नाही तर दुसरं नाव. मॅनेजमेंटची सही मुख्यतः इथेच लागते, कारण सुट्टीच्या दिवशी फोन उचलायचा तर त्याची भरपाई किंवा बदली सुट्टी ठरवावी लागते. हा मुद्दा आयटीने संकोचून गाळला की सूचना जाते आणि सोमवारी वाचली जाते.

शेवटी चाचणीची तारीख टाका. आम्ही एका शनिवारी दुपारी, माल निघत नसताना, बॅच जात असतानाच फायबरची वायर काढली. मिनिटभरात स्क्रिप्ट टाइमआउटने सुटली आणि पुढच्या फेरीला बॅकअप लाइनवरून तीच बॅच पुन्हा गेली, लेजरमध्ये एकही ओळ दुप्पट नाही. मग टास्क पूर्ण बंद ठेवून एसएमएसची वाट बघितली. तो पन्नासाव्या मिनिटाला आला, पण यादीतल्या पहिल्या माणसाचा नंबर जुना होता. अहवालाला पुरवणी जोडून तो बदलला आणि चाचणी पुढच्या शनिवारी पुन्हा लावली.